केशरबाईचा चार, मास्तरांचा आठ

ताडकळसात जित्या माणसाचा वाढदिवस कुणी करत नव्हतं, तिथं लग्नाचा कोण करतो! तुमचं लग्न कधी झालं असं कुणाला विचारलं तर "खालच्या हिरीला पानी लागलं त्या साली" असं उत्तर यायचं. त्यामुळं शहात्तर सालच्या मे महिन्यात सटवाजी मास्तर ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "केशर, उद्या आपल्या लग्नाला बारा वर्षं व्हायलेत," तेव्हा केशरबाईनं भाकरी थापणं थांबवलं नाही. नवऱ्याला वाढदिवसाचं कौतुक नाही, त्याला निमित्त पाहिजे आहे, हे तिनं तेवढ्यात ओळखलं.

"दादाला एक पत्र लिहावं म्हन्तो. वाढदिवसाचं."

"लिवा की. पर दोघांचं लिवा. म्या सांगते ते बी त्यात आलं पायजे."

दादा म्हणजे मास्तरांचे थोरले भाऊ दत्तराव. ते जिंतूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. त्यांना आणि त्यांच्या बायकोला, सुलाबाईला, मूलबाळ झालं नाही. पण घरात सात वर्षांची हेमा होती. ही हेमा केशरबाईच्या पोटची. तिला वाटत होतं की ताडकळसची ही दोन माणसं आपले काका-काकू आहेत, आणि तिला तसं वाटावं याची व्यवस्था या दोघांनीच केली होती. आता त्यांना ती परत पाहिजे होती. पत्राचं खरं कारण एवढंच.

आता कुणी म्हणेल, एकुलती एक लेक जिवंत आईबापांनी देऊन टाकली, ती का? घरात खायला नव्हतं का? होतं. पंचायत समितीच्या शाळेतला मास्तर तो, दोन वेळची भाकर पक्की होती. लेक नकोशी होती का? अजिबात नाही. कारण ऐकून हसू येईल, आणि हसू आलं तर हसा, पण केशरबाईसमोर हसू नका.

चौसष्ट साली लग्न झालं. सटवाजी चोवीस वर्षांचे, ती वीस वर्षांची. घरं बौद्धांची, पत्रिका, गुण, मुहूर्त हे सगळं छप्पन्न सालीच सोडून दिलेलं. वंदना झाली, हार घातले, लग्न लागलं. फक्त सासूबाईंना एक जुनी हौस सोडवेना. सून घरात आली की ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं बोटानं तिचं नवं नाव त्यात काढायचं, ही गावाची रीत. सासूबाई ताट घेऊन बसल्या, आणि मास्तरांनी तांदळात 'केशर' हेच नाव काढलं. "हेच चांगलं हाय, दुसरं कशाला?" म्हणाले. त्या एका वाक्यावर केशरबाई त्या माणसावर जी भाळली ती कायमची. ती शाळेत गेलेली नव्हती. पहिल्या वर्षात मास्तरांनी तिला पाटीवर तिचं नाव गिरवायला शिकवलं. एवढं एकच तिला लिहिता यायचं, आणि ते ती चुलीच्या राखेतसुद्धा लिहायची.

सहासष्ट साली पहिला मुलगा झाला, तो पोटातच गेलेला. एकोणसत्तरला हेमा झाली, चांगली टणक आणि रडकी. मग बहात्तर साल उजाडलं. त्या वर्षी मास्तरांची बदली चुडाव्याच्या शाळेत झाली आणि तिथं त्यांची गाठ बन्सीधरांशी पडली.

बन्सीधर रेल्वेच्या पार्सल हपिसातून निवृत्त झालेले. चुडावा स्टेशनाच्या मागं खोली घेऊन राहत. सभ्य माणूस, धोतर पांढरंशुभ्र, बोलणं हळू. त्यांच्याकडं अंकशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक होतं. कुणाचंही नाव ऐकलं की त्यांची बोटं आपोआप हलायला लागायची. पैसे घेत नसत, चहा चालायचा. पैसे घेतले असते तर फार बरं झालं असतं, कारण पैसे घेणाऱ्यावर माणूस निदान संशय तरी घेतो.

एका बाजाराच्या दिवशी मास्तरांनी त्यांना घरी चहाला आणलं. केशरबाई दाराआड हेमाला मांडीवर घेऊन बसली होती. बन्सीधरांनी सहज पाटी मागितली.

"मास्तर, माझ्या शास्त्रात देव नाही, पूजा नाही. निव्वळ हिशेब आहे," ते म्हणाले. हे वाक्य मास्तरांना लागू पडलं. ज्या माणसानं ज्योतिषी उंबऱ्याच्या आत घेतला नसता, त्यानं हिशेबाला पाट टाकला.

बन्सीधरांनी नाव इंग्रजीत लिहिलं आणि प्रत्येक अक्षराखाली आकडा मांडला. पुस्तकात प्रत्येक अक्षराची किंमत ठरलेली असते, असं त्यांनी सांगितलं. ए, आय, जे, क्यू, वाय यांचा एक. बी, के, आर यांचे दोन. सी, जी, एल, एस यांचे तीन. डी, एम, टी यांचे चार. ई, एच, एन, एक्स यांचे पाच. यू, व्ही, डब्ल्यू यांचे सहा. ओ आणि झेड यांचे सात, एफ आणि पी यांचे आठ. नऊ कुणालाच नाही, तो आकडा मोठा मानतात, म्हणून अक्षराला देत नाहीत.

"आता तुमचं नाव. एस तीन, ए एक, टी चार, डब्ल्यू सहा, ए एक, जे एक, आय एक. किती झाले?"

"सतरा," मास्तर म्हणाले.

"एक अन् सात, आठ. आठ म्हणजे शनी. आता बाईंचं. के दोन, ई पाच, एस तीन, एच पाच, ए एक, आर दोन, बी दोन, ए एक, आय एक."

"बावीस. म्हंजे चार."

"चार म्हणजे पुस्तकात हर्षल, आपल्याकडं राहू म्हणतात." बन्सीधरांनी खडू खाली ठेवला. "मास्तर, चार आणि आठ एका घरात आणू नयेत. ते एकमेकांना ओढतात, आणि ओढले की घात करतात. तुमच्या लग्नाआधी मी भेटलो असतो तर नाव बदला म्हटलं असतं."

मास्तर हसले. हसणं खरं होतं. पण बन्सीधर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आठाच्या माणसाला आठवं, सतरावं, सव्वीसावं वर्ष जड जातं. आठवून बघा."

मास्तर आठवू लागले. आठव्या वर्षी, अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शनच्या धांदलीत बाप गेला होता. सतराव्या वर्षी मॅट्रिकला नापास झाले. सव्वीसाव्या वर्षी, सहासष्ट साली, पहिलं मूल गेलं. त्यांनी पाटी जवळ ओढली. मग बन्सीधरांनी केशरबाईचं वय विचारलं. सहासष्टला ती बावीस वर्षांची. दोन अन् दोन चार. आणि खुद्द ते साल? एक, नऊ, सहा, सहा. बावीस. पुन्हा चार.

"हे असं तिन्ही एकत्र पुन्हा येतंय पंच्याहत्तर साली. एक, नऊ, सात, पाच: बावीस. तुम्ही पस्तीस, म्हणजे आठ. बाई एकतीस, म्हणजे चार. सहासष्टला मूल गेलं. पंच्याहत्तरला तुमच्या दोघांपैकी एक जाईल, दुसरा मागं राहून झुरेल. माझ्या तोंडून वाईट निघतं त्याचं मला दुःख आहे."

त्यांना खरंच दुःख होत होतं, तेच तर वाईट. डोळ्यांत पाणी आणून सांगितलेलं खोटं माणसाला खऱ्याहून खरं वाटतं.

बन्सीधर गेल्यावर मास्तरांनी पाटी पुसली नाही. त्यांनी बेरीज तपासली. खालून वर केली, वरून खाली केली. शाळेत मुलांना शिकवायचे तसा नवाचा ताळा घेऊन पाहिला. ताळा मिळाला. गणिताच्या मास्तराचं हे असं असतं बघा: बेरीज बरोबर आली की त्याला सगळंच बरोबर वाटतं. के ला दोन कुणी दिले आणि कशावरून दिले, हे त्यांनी विचारलंच नाही.

"इलाज काय सांगितला त्यांनी?" केशरबाईनं विचारलं.

"तुझं नाव बदलायचं. विमल ठेवा म्हन्ले. सहा, एक, चार, एक, तीन, पंधरा. पंधराचा सहा. सहाचं अन् आठाचं भांडन न्हाई."

आणि त्यांनी तिला विमल म्हणायला सुरुवात केली. सासूबाई तोवर वारल्या होत्या, नाहीतर त्यांनी ताट घेऊन तांदूळ पसरले असते. महिनाभर तो खेळ चालला. मास्तर अंगणातून "विमल, पानी आन" म्हणायचे आणि केशरबाई चुलीपाशी तशीच बसून राहायची. मुद्दाम नव्हे; तिला वाटायचं शेजारी कुणीतरी आलंय. एकदा ती उठून दारात जाऊन बघून आली, कोण विमल आलीय म्हणून. शेवटी एका दुपारी तिनं स्पष्टच सांगितलं.

"मला ते नाव चिटकंना. तुमीच तांदळात माजं नाव राखलं व्हतं. आता तुमीच पुसायलात?"

मास्तर ओशाळले. पुन्हा केशर म्हणू लागले. पण भीती गेली नाही, तिनं दुसरं दार धरलं. आपण मेलो तर पोरीचं काय, आणि केशर मेली तर आपण पोर कशी सांभाळायची, हे त्यांच्या डोक्यात घोळू लागलं. ते चुडाव्याला बन्सीधरांकडं गेले आणि आपल्या भावाचं नाव घेऊन परत आले. डी चार, ए एक, टी चार, टी चार, ए एक, आर दोन, ए एक, ओ सात: चोवीस. चोवीसचा सहा. आणि हेमा? पाच, पाच, चार, एक: पंधरा, म्हणजे सहा. दोघांचा आकडा एकच. पोरगी दत्तरावांच्या छायेत राहिली तर तिला झळ लागणार नाही, असा निकाल.

केशरबाईनं आधी ऐकूनच घेतलं नाही. मग तिचं तिलाच भ्या वाटू लागलं. मास्तरांना साधा ताप आला तरी ती त्यांच्या उशाशी बसून पंच्याहत्तरला किती दिवस राहिले ते मोजायची. नाव बदलायला नाही म्हटलं ते मी, उद्या ह्यांचं काही झालं तर पाप माझ्या माथी, असं तिला वाटायचं. नाव राखायची किंमत आपण दिली पाहिजे, हे तिनं मनात कबूल करून टाकलं. माणूस स्वतःला शिक्षा करायला बसला की हिशेब बघत नाही.

दत्तराव शहाणे. ते म्हणाले, "सटवा, आपन काय म्हनून धम्म घेतला? पत्रिका टाकल्या अन् आता आकडे पूजायलास?" सुलाबाईच्या मांडीवर हेमा बसली होती आणि सुलाबाईनं तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. ती म्हणाली.

"द्यायची तर कागद करून द्या. उसनं लेकरू मला नगं. उद्या तुमी दोगं बी जगलात अन् मागायला आलात, तर माज्याच्यानं देववनार न्हाई."

तिचं काय चुकलं? काहीच नाही.

जिंतूरला दत्तकपत्राची रजिस्ट्री झाली. कायद्यानं आईची संमती लागते, म्हणून केशरबाईला कागदावर बोलावलं. अंगठा की सही, असं तिथल्या कारकुनानं विचारलं. तिनं सही केली. आयुष्यात पाटीवर आणि राखेत गिरवलेलं नाव तिनं पहिल्यांदा कागदावर लिहिलं. हेमा तीन वर्षांची होती. आठवण बसायच्या आत नेलेली बरी, असं सगळे म्हणाले. एस्टी निघाली तेव्हा पोर झोपली होती.

मग पंच्याहत्तर साल आलं. त्या वर्षाचं काय सांगावं! मास्तरांनी सायकल सोडली, चुडाव्याला चालत जायचे. केशरबाई विहिरीवर एकटी जाईना. सापाचं औषध, तापाच्या गोळ्या, सगळं घरात. चार, आठ, तेरा, सतरा, बावीस, सव्वीस, एकतीस या तारखांना दोघं घराबाहेर पडत नसत. महिन्यातले सात दिवस मास्तरांची रजा. गाव म्हणायचं, मास्तरला येड लागलं. दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसायची. प्रेम होतं, नाही कसं! पण त्या वर्षात ती नवरा-बायको नव्हती, दोन पहारेकरी होती.

कुणी मेलं नाही. साधं डोकंसुद्धा दुखलं नाही. साल संपलं.

जानेवारीतली गोष्ट. मास्तर वर्गात मुलांना नवाचा ताळा शिकवत होते. आकड्यातले अंक मिळवत जा, शेवटी एक अंक उरतो. नवानं भागून बाकी उरते तीच ही. शिकवता शिकवता ते थांबले. तसेच उठून घरी आले, आणि केशरबाईला पाटीवर दाखवू लागले. जन्माचं साल आणि वय यांची बेरीज म्हणजे चालू साल. म्हणजे एकदा तिन्ही आकडे जुळले की दर नवव्या वर्षी जुळणारच. त्यांचे जुळणार, केशरचे जुळणार, गावच्या पाटलाचे जुळणार, त्याच्या म्हशीचेही जुळणार. त्यात शनी नाही आणि राहू नाही. सत्तावन्नलाही तेच आकडे होते, आणि तेव्हा केशर तेरा वर्षांची, आंब्याच्या झाडावर बसून कैऱ्या खात होती.

"हे मला ठावं होतं," मास्तर म्हणत राहिले. "रोज शिकवतो मी हे. रोज शिकवतो."

केशरबाईला त्यातलं निम्मंच कळलं. पण पुढचं तिला लगेच कळलं. "मंग पोरीला आना," ती म्हणाली.

मास्तर परभणीला वकिलाकडं गेले. वकिलानं कागद वाचला आणि चष्मा काढला. दत्तक दिलेलं मूल परत मागता येत नाही, म्हणाला. दत्तक रद्द होत नाही, कायद्यानं ती आता भावाची मुलगी. भावानं आपल्या मनानं पाठवली तर ती पाहुणी म्हणून येईल. मास्तर घरी आले, चार महिने त्यांना तोंड वर करून भावाशी बोलवेना. आणि मग मे महिना आला, लग्नाचा दिवस आला, आणि त्यांनी हे पत्र काढलं.

मास्तरांनी पत्राला दोन दिवस लावले. अक्षर त्यांचं मोत्यासारखं, मुलांना कित्ता घालून द्यावा तसं. सुरुवात मजेत केली:

"ती. दादा व सौ. वहिनी यांस, सटवाजी व केशर यांचा जयभीम. आज आमच्या लग्नास बारा वर्षे झाली. ज्या लग्नाबद्दल बन्सीधरांनी भाकीत केले होते की ते पंच्याहत्तरचे साल ओलांडणार नाही, ते लग्न आज ठणठणीत आहे. माझा आठ आणि केशरचा चार अजून एका ताटात जेवतात. भांडण होते ते फक्त मिठावरून."

इथवर केशरबाई हसली. पण मास्तर मास्तरच. एखादी गोष्ट खोटी आहे हे सांगायचं तर ती आधी नीट समजावून सांगितली पाहिजे, हा त्यांचा जन्माचा नेम. त्यांनी अक्षरांचं सगळं कोष्टक पत्रात उतरवलं. घरातल्या प्रत्येकाचा आकडा काढला. दादा सहा, हेमा सहा. "आणि गंमत पाहा," त्यांनी लिहिलं, "वहिनींचे नाव मांडले तर तीन, सहा, तीन, एक, दोन, एक, एक, म्हणजे सतरा, माझ्यासारखाच आठ. म्हणजे बन्सीधरांच्या म्हणण्याप्रमाणे केशर आणि वहिनी एका छपराखाली राहिल्या तर त्यांतली एक मरायला पाहिजे! केवढा हा खुळेपणा. अशा खुळेपणापायी आम्ही आमची हेमा तुम्हास दिली."

"आता माजं लिवा," केशरबाई म्हणाली. तिनं सांगितलं आणि मास्तरांनी जसंच्या तसं लिहिलं:

"वैनी, तुमी म्हनला व्हता जगलात तर मागू नका. मी मागत न्हाई. मला कागद मोडायचा न्हाई. सुट्टीत पंधरा दिस तिला इकडं धाडा. तिला सांगा की ही तुजी आई व्हती. एवढं सांगा. मंग तिला वाटलं तर ती राहील, न वाटलं तर आमी दोगं तिला तुमच्याकडं आनून सोडू. मला तिच्या केसांचा वास बी इसरायलाय."

खाली मास्तरांनी सही केली आणि तिनं आपलं नाव लिहिलं. पत्र टपालात पडलं, आणि केशरबाईनं पंधरा दिवसांत हेमासाठी एक परकर शिवून टाकला. माप अंदाजानं घेतलं, शेजारच्या पोरीला उभं करून.

उत्तर आलं नाही. तीन आठवडे गेले. मग दोघं एस्टीत बसून जिंतूरला गेली.

दत्तराव जिनिंगवर गेले होते. सुलाबाईनं दार उघडलं. तिनं पाणी दिलं, बसा म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावला. तीन आठवड्यांत तिनं पत्राचं दत्तरावांजवळही बोलून दाखवलं नव्हतं, ते सगळं आता बाहेर पडलं.

पत्र दुपारी आलं होतं. घरात ती आणि हेमा. सुलाबाईला वाचता येत नाही, आणि हेमा दुसरीत पहिली आलेली. काका-काकूंचं पत्र आलंय, वाच गं मला, असं ती कौतुकानं म्हणाली. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं. पोरीला कुठं अडायचंही कारण नव्हतं. तिनं अक्षरांवर बोट ठेवून सगळं वाचलं: बन्सीधरांचं भाकीत, कोष्टक, सगळ्यांचे आकडे. "आमची हेमा तुम्हास दिली" हेही वाचलं. मध्येच थांब म्हणायचं सुलाबाईला सुचलं नाही.

"तवापासून ती शाळेच्या पाटीवर आकडेच मांडीत बसलीया, केशर," सुलाबाई म्हणाली. "मला इहिरीवर जाऊ देईना. रातीला उठती अन् माज्या नाकापाशी हात धरती."

तेवढ्यात हेमा आतल्या दारात आली. वाढली होती, हातपाय काटकुळे, डोळे अगदी मास्तरांचे. केशरबाईनं पिशवीतून परकर काढला. हात पुढं केला. हेमा पुढं आली नाही. सुलाबाईच्या मागं जाऊन तिनं तिचा पदर मुठीत धरला आणि तिथून केशरबाईकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तरी परवडलं असतं.

"काकू," ती म्हणाली, "तुमचा चार हाय. माज्या आईचा आठ हाय. तुमी इथं बसू नका."

सुलाबाईनं तिला दटावलं. मास्तर उभे राहिले. केशरबाई खाली गुडघ्यावर बसली.

"ते खोटं हाय गं माय. आकड्यात काय नसतंय. बघ, आमी दोगं जित्ते हाव का न्हाई? समदं खोटं निगालं."

हेमानं थोडा विचार केला. हुशार पोर होती.

"खोटं हाय तर मला दिलं कामून?"

केशरबाईनं मास्तरांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. खोटं म्हणावं तर पोर देण्याला कारण उरत नव्हतं. खरं म्हणावं तर पोर सुलाबाईच्या नाकापाशी हात धरून जन्मभर जागी राहणार होती.

हेमा रडायला लागली. "जा ना," ती म्हणाली, "माजी आई मरंल."

केशरबाईनं परकर सुलाबाईच्या हातात दिला आणि ती उठली. उंबऱ्याबाहेर जाऊन उन्हात उभी राहिली. तिनं मागं पाहिलं तर पोरीचं रडणं थांबलं होतं. पोरीची भीती घालवायला निघून जाणं तेवढंच तिच्याजवळ होतं, ते तिनं दिलं. पाठोपाठ मास्तर आले आणि दोघं एस्टी स्टँडकडं चालू लागली.